लोणच्याच्या बरणीवर बारकोड लावावा की क्यूआर कोड?

रानजाई: आम्ही घरी कैरीचे लोणचे करून विकतो. लेबलावर कोडसाठी २ सेंटिमीटरचा चौकोन मोकळा आहे. घटक आणि तारीख गिऱ्हाइकाला मोबाइलवर मराठीत वाचता यावी, अशी इच्छा आहे. आमच्या गावात रेंज नसते आणि खर्च १,००० रुपयांत बसवायचा आहे. काय घ्यावे?

अण्णा_नाशिककर: बारकोडच घ्या. मी १४,००० रुपयांचा लेबल प्रिंटर घेतला आणि एकदाही पस्तावलो नाही. शिवाय ८९० ने सुरू होणाऱ्या कोडावरून माल भारतात बनल्याचे कळते, बाकी माहितीही त्यातच असते.

मृगजळ: अण्णा, ८९० चा अर्थ एवढाच की कंपनीने तो क्रमांक भारतातील जीएस-१ संस्थेकडून घेतला, माल कुठे बनला हे त्यावरून ठरत नाही. दुकानातल्या नेहमीच्या बारकोडात फक्त १३ अंक असतात. मोबाइल रेषांच्या आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यांच्या जाड्या मोजून ते अंक ओळखतो, पण नाव आणि किंमत दुकानाच्या संगणकातून येते. तेव्हा रानजाईंना हवा असलेला मजकूर त्यात मावणारच नाही.

कोकणची_माई: मी आमच्या कोकमाच्या लेबलाला शोभावा म्हणून बारकोड लाल छापला होता. मोबाइलने तो वाचला, पण दुकानातल्या लाल उजेडाच्या स्कॅनरला पांढऱ्या कागदावरच्या लाल रेषा दिसल्याच नाहीत आणि सगळी लेबले वाया गेली. रंग काळाच ठेवा.

सदाफुली: माझ्या दुकानातला पैसे घेण्याचा क्यूआर कोड मधोमध फाटला आहे, तरी चालतो. तोच लावा.

मृगजळ: त्या कोडात पैसे घेण्याचा पत्ता आहे, लोणच्याची माहिती नाही. मजकुरासोबत दुरुस्तीचा जादा भाग भरलेला असल्यामुळे तो फाटूनही वाचला जातो, मात्र कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांपैकी एक गेला की बहुधा अडतो, कारण त्यांच्यावरूनच मोबाइल कोड शोधून सरळ करून घेतो.

रानजाई, तुमची खरी अडचण देवनागरीची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, तर आपल्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेलाही तीन. नुसत्या ‘कैरीचे लोणचे’ला ३४ बाइट लागतात. घटकांची यादी ३०० बाइटांची झाली, तर मध्यम दुरुस्तीसह क्यूआर कोडाच्या एका बाजूला ६९ काळी-पांढरी घरे होतात. भोवतीची चार-चार घरांची कोरी कडा धरून तुमच्या जागेत एक घर जेमतेम पाव मिलिमीटरचे होईल. गोल बरणीवर, त्यात तेलाचा हात लागल्यावर, ते वाचले जाणे कठीण आहे. त्याऐवजी छोटी लिंक भरावी, म्हणजे घरे मोठी होतील आणि माहितीही मागाहून बदलता येईल.

कोकणची_माई: मीही लिंकच सुचवते.

अण्णा_नाशिककर: प्रिंटर मात्र चांगला घ्या.

रानजाई: रेंज नसताना लिंक उघडणार नाही, म्हणून ती घेत नाही. घटक लेबलावर छापते आणि कोडात नाव व तारीख एवढेच ठेवते. आज ४४ बाइटांचा कोड साध्या कागदावर काळा छापून बरणीला चिकटवला. घर साधारण अर्ध्या मिलिमीटरचे आले आणि सासूबाईंच्या जुन्या मोबाइलनेही तो वाचला. तेल सांडल्यावर काय होते, ते उद्या पाहते.

मृगजळ: प्रत्येक घाण्याला तारीख बदलली की कोड नव्याने छापावा लागेल, हे ध्यानात ठेवा.