प्रतिसाद: आयपीसीच्या नोट्स आणि बीएनएस

"आयपीसीच्या नोट्स टाकून द्याव्यात, की नुसते कलमांचे नंबर बदलले तर चालेल?"

टाकू नका, पण नुसते नंबरही बदलू नका. आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, म्हणजे बीएनएस, आली तेव्हा इंदूरला एलएलबी करताना मी आधी तेच केलं. खजुरी बाजारातून जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आणला आणि पेन्सिलीने नंबर लिहीत सुटले. चोरीपाशी अडले. आयपीसीत व्याख्या ३७८ मध्ये आणि शिक्षा ३७९ मध्ये होती, बीएनएसमध्ये दोन्ही ३०३ मध्येच आहेत. शिवाय पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केली असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा, हे तिथे नव्याने आलंय. नंबर बदलून ते कुठून दिसणार?

मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. नवीन ते हिरव्या शाईने, गळालं त्यावर एकच लाल रेघ, खालचं वाचता येईल अशी. शब्द बदललेत तिथे जुन्या वाक्यावर निळ्याने नवे शब्द. सगळ्यात जास्त वेळ या निळ्यालाच द्या. आयपीसीचं राजद्रोहाचं १२४अ मी आधी लाल करून मोकळी झाले होते. 'राजद्रोह' शब्द गेलाय खरा, पण बीएनएसचं १५२ वाचलं तेव्हा कळलं की देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणण्याबद्दलचं कलम वेगळ्या शब्दांत उभं आहे. आणि प्रत्येक आकड्याआधी कायद्याचं नाव लिहाच. बीएनएसचं ३०२ खुनाचं नाही, धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं आहे. खुनाची शिक्षा १०३ मध्ये. १ जुलै २०२४ आधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच लागते, म्हणून लाल रेघेखालचं खोडू नका.