प्रतिसाद: क्रियापदच सगळं सांगतं असं नाही

> ‘मराठीत क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून सर्वनाम गाळता येतं. एवढंच ना?’

‘येतोस’, ‘येतेस’पुरतं ठीक. पण भूतकाळातलं सकर्मक क्रियापद घ्या. ‘कैऱ्या कुठे आहेत?’ विचारलं की आई म्हणते, ‘फडताळात ठेवल्या.’ इथे ‘ठेवल्या’ हे रूप कैऱ्यांच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं. ठेवणारी आई, बाबा की शेजारीण, त्यातून काहीच कळत नाही. (‘तू’ असेल तर मात्र ‘ठेवल्यास’ आणि ‘तुम्ही’ असेल तर ‘ठेवल्यात’ होतं, तेवढाच धागा.) तरीही कर्ता बिनदिक्कत गळतो, वर कर्मही गळतं.

म्हणजे उरलेलं काम संदर्भ करतो. चिनी क्रियापदाला तर पुरुष-वचनाचे प्रत्ययच नाहीत, तरी सर्वनामं गळतात. म्हणूनच भाषाशास्त्रज्ञ सी.-टी. जेम्स हुआंग यांनी 1984 साली संभाषणाच्या विषयाशी जोडलेल्या रिकाम्या जागेची कल्पना मांडली. मराठीत मला दोन्ही वाटा दिसतात.

इंग्रजीला यातलं काहीच पुरत नाही. कर्त्याची जागा भरावीच लागते, अर्थ नसला तरी: ‘इट इज रेनिंग’. रोजनिशीत ‘वेंट होम’ चालतं खरं, पण ते मुख्य वाक्याच्या सुरुवातीलाच. आपलं ‘म्हणाला, घरी होतो’ घ्या. तिथे ‘ही सेड वॉज ॲट होम’ चालत नाही.