मदत हवी आहे : खेळातल्या 'पेट्या' म्हणजे काय, हे काकांना पत्रातून कसं सांगू?

मीनल_डोंबिवली

माझ्या चुलत सासऱ्यांना एक पत्र लिहायचं आहे. आम्ही त्यांना भाऊकाका म्हणतो. एसटीतून निवृत्त झाले, गडहिंग्लजला असतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचं लांबलचक काही वाचत नाहीत, पण पत्र आलं की दोनदा वाचतात. माझा मुलगा ओम ११ वर्षांचा. काकांचा त्याच्यावर फार जीव. दिवाळीला त्यांनी पुतण्याकडून गूगल प्लेचा ५०० चा कोड पाठवला, वाढदिवसाला १००० चा. त्यांना वाटतं, त्यातून पोरगा खेळ विकत घेतो, जसं पूर्वी बॅट घ्यायचा. प्रत्यक्षात सगळे पैसे पेट्यांत गेले.

त्यांना दुखवायचं नाही, पण पुढच्या वेळी असं होऊ नये. मसुदा खाली देते आहे. चुकत असेल तिथे सांगा, विशेषतः हिशेबात.

> ती. भाऊकाका,
> सा. नमस्कार.
>
> ओमच्या वाढदिवसाच्या हजार रुपयांचं काय झालं ते सांगते. मी शेजारीच बसले होते. त्याने आधी ९९९ रुपयांची 'रत्नं' घेतली. हा खेळातला पैसा. ९८० रत्नं आली. खेळात एक पेटी मिळते, ती ६० रत्नांना. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. ओमला एक ड्रॅगन हवा आहे, तो त्या पेटीत असतो, म्हणजे असू शकतो.
>
> पेटीवर बोट ठेवलं की ती थरथरते, फटीतून उजेड येतो. उजेड निळा असला तर साधी वस्तू, सोनेरी असला तर भारी. ओम दर वेळी श्वास रोखून धरत होता. १६ वेळा निळा उजेड आला. त्यातल्या ९ वस्तू त्याच्याकडे आधीपासूनच होत्या. पाच मिनिटांत संपलं. २० रत्नं उरली, त्यात पेटी येत नाही. लगेच पडद्यावर पाटी आली, ८९ रुपयांत ८० रत्नं.
>
> काका, तुमच्या लहानपणी दुकानात सोरट असायचं ना, पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या चिकटवलेलं? हे तेच आहे, फक्त मोबाइलमध्ये. भारी वस्तू निघण्याची शक्यता २ टक्के आहे, म्हणजे ५० पेट्या उघडल्या की एक मिळणार. त्याला साधारण तीन हजार रुपये लागतात.

इथवर आलं आहे. पुढे काय लिहू?

विनायक_स

ताई, एवढं पत्र कशाला? भारतात हे आता बंदच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे खेळ बेकायदा. सरळ सायबर पोलिसांकडे तक्रार करा आणि काकांना लिहा की हा गुन्हा आहे.

अनुजाची आई

पैसे परत हवे असतील तर घाई करा. आमच्याकडे मुलीने माझ्या फोनवर साठवलेल्या कार्डातून ६२०० रुपये उडवले होते. मला कळलं चौथ्या दिवशी. अर्ज केल्यावर शेवटच्या दोन दिवसांतले परत आले, आधीचे नाही म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावला आहे. तुम्ही लावला नाहीत का?

मीनल_डोंबिवली

@अनुजाची आई, पासवर्ड आहे. पण इथे चोरून काही झालंच नाही. काकांनी दिले, मी टाकू दिले, त्याने माझ्यासमोर खर्च केले. परत मागायचे नाहीत. काकांना ही वस्तू काय आहे ते समजावं, एवढंच हवं आहे.

गणित_शिक्षक

पत्र छान आहे. उजेडाचा परिच्छेद अजिबात बदलू नका, सगळं त्यातच आहे. पण शेवटच्या परिच्छेदात चूक आहे, आणि ती नेमकी सोरटामुळे झाली आहे.

सोरटाचा पुठ्ठा आठवा. ५० चिठ्ठ्या, एकीवर बक्षीस. फाडलेली चिठ्ठी परत चिकटत नाही. ३० फाडल्या गेल्या की उरलेल्या २० मध्ये बक्षीस आहे, हे पोरांना कळायचं. म्हणून काही पोरं थांबून राहायची, बाकीच्यांना आधी फाडू द्यायची. दुकानदार प्रामाणिक असेल तर पन्नासाव्या चिठ्ठीपर्यंत बक्षीस निघणारच.

मोबाइलच्या पेटीत फाडलेली चिठ्ठी दर वेळी परत पुठ्ठ्यावर येते. सोळा वेळा रिकामी गेली तरी सतराव्या वेळी पुठ्ठा पुन्हा पूर्ण ५० चा. त्यामुळे '५० उघडल्या की एक मिळणार' हे खरं नाही. एक पेटी रिकामी जाण्याची शक्यता १०० त ९८. हेच पन्नास वेळा गुणत गेलं की उरतं साधारण ३६. म्हणजे ओमसारख्या १०० मुलांनी प्रत्येकी ५० पेट्या उघडल्या, तर ३६ मुलांना एकही भारी वस्तू मिळणार नाही. प्रत्येकी १०० उघडल्या तरी १३ जण कोरडेच. आणि १६ पेट्यांत? ७२ मुलं रिकामी. तुमचा ओम त्या ७२ मधला. त्याचं नशीब वाईट नव्हतं, नेहमी होतं तेच झालं.

एक विचारतो. ते २ टक्के कशाचे आहेत? ड्रॅगनचे, की सगळ्या भारी वस्तूंचे मिळून? पेटीच्या कोपऱ्यात गोलात 'i' असेल, तिथे दाबून बघा.

पूर्वीचा_गेमर

सरांशी सहमत, पण बऱ्याच खेळांत एक हमी असते, ती विसरू नका. ठरावीक पेट्या रिकाम्या गेल्या की पुढची नक्की भारी. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये साधी शक्यता ०.६ टक्के आणि नव्वदाव्याला हमी. मात्र ती हमी तुम्हाला हवं असलेल्या पात्राची नसते, पहिल्या वेळी दुसरंच निघू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेने त्या खेळाच्या कंपनीशी २ कोटी डॉलरची तडजोड केली. १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या विकायच्या नाहीत, ही त्यातली एक अट. खऱ्या पैशाचं आधी एक नाणं, मग दुसरं, असं करत किंमत झाकली जाते, हाही तिथे आक्षेप होता. तुमच्या पत्रात रत्नं आहेत, ते हेच.

आणि प्रत्येक पेटी वाईट नसते. मी कॉलेजात वर्षभर खेळताना फुकट मिळालेल्याच उघडल्या.

मीनल_डोंबिवली

'i' दाबला. खाली बारीक अक्षरांत आहे : भारी वस्तू २ टक्के, आणि त्या वर्गात चार कार्डं, प्रत्येक ०.५ टक्के. ड्रॅगन त्यातलं एक. हमी आहे, ८० व्या पेटीला, पण चारांतलं कुठलंही कार्ड.

सर, मग १६ पेट्यांत ड्रॅगन न मिळणारे किती?

गणित_शिक्षक

१०० त ९२. आणि हमीचा हिशेब तुमच्याच आकड्यांनी करा. ८० पेट्या म्हणजे ४८०० रत्नं. ९८० चे पाच गठ्ठे घ्यावे लागतील, ४९९५ रुपये. एवढं करूनही हमीने मिळालेलं कार्ड ड्रॅगन असण्याची शक्यता चारात एक. ८० पर्यंतची ती मोजणी पेटीतल्या वस्तू बदलल्या की शून्यावर येते का, तेही बघून ठेवा.

विनायक_स

पण मग हा जुगार नाही तर काय? कायद्याबद्दल मला कोणी उत्तर दिलं नाही.

पूर्वीचा_गेमर

@विनायक_स, कायदा आहे, पण तो सरळ पेट्यांवर बोलत नाही. पैसे किंवा विकत घेतलेली नाणी लावून पैशाचा किंवा दुसरा काही लाभ मिळण्याच्या अपेक्षेने खेळणं, यावर तो आहे. ओमचा ड्रॅगन कुणाला विकता येत नाही. मग तो 'लाभ' धरायचा का? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. युरोपातही एकमत नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या पेट्या जुगारात धरल्या. शेजारच्या नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या एका खेळातल्या, पेट्यांसारख्याच बंद पाकिटांवर दंड झाला होता, तो २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला. पाकीट उघडणं हा वेगळा खेळ नाही, मोठ्या खेळाचाच भाग आहे, असं ते म्हणाले. त्यामुळे काकांना 'गुन्हा' लिहू नका. उगाच घाबरतील, आणि आपणच तो करवला असं वाटेल.

विनायक_स

विकता येत नसला तरी पोराच्या खिशातून पैसे गेले ते गेले. मला पटलं नाही. पण 'गुन्हा' शब्द मागे घेतो.

सुलभा_आजी

मी आजीच्या बाजूने बोलते. काकांना द्यायचं आहे. 'देऊ नका' एवढंच लिहिलंत तर त्यांचा हात रिकामा राहील. काय द्यावं ते लिहा. आमच्या नातवाला मी कोड देत नाही, त्याच्या आईला सांगते, त्याला वस्तू निवडू दे, मी पैसे देते. वस्तू काय ते आधी दिसलं पाहिजे, एवढीच माझी अट.

पूर्वीचा_गेमर

आजी, बरोबर. बहुतेक खेळांत 'पास' मिळतो. त्यात काय काय आहे ते घेण्याआधी दिसतं, सोडत नसते. फक्त तो पूर्ण करायला महिना-दोन महिने जवळपास रोज खेळावं लागतं, ते लक्षात घ्या.

मीनल_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. सर, तुमचं वाचून एक गोष्ट मनाला लागली. दहाव्या पेटीनंतर ओम म्हणाला होता, "आई, आता येणारच, इतक्या गेल्या ना." आणि मी म्हटलं होतं, "हो, पन्नासात एक असते." त्याला खोटा हिशेब मीच दिला. काल त्याच्यासोबत वहीच्या कागदाच्या ५० चिठ्ठ्या केल्या, एकीवर ड्रॅगन काढला, डब्यात टाकल्या. काढायची, बघायची, परत टाकायची. ७१ व्या वेळी ड्रॅगन निघाला. चाळीसनंतर तो म्हणायला लागला, "परत टाकू नकोस ना." तेव्हा मी म्हटलं, खेळ हेच करतो. मग खऱ्या ड्रॅगनसाठी २०० चिठ्ठ्या कराव्या लागतील, हे त्यानेच सांगितलं.

शेवटचा परिच्छेद नव्याने लिहिला आहे :

> काका, तुमच्या लहानपणी सोरट असायचं ना? हे तसंच आहे, पण एक फरक आहे. सोरटात फाडलेली चिठ्ठी संपायची. इथे ती दर वेळी पुठ्ठ्यावर परत येते, त्यामुळे पुठ्ठा कधी संपत नाही. ओमच्या पुठ्ठ्यावर २०० चिठ्ठ्या आणि ड्रॅगन एकीवर. हजार रुपयांत १६ चिठ्ठ्या फाडता येतात. १०० मुलांनी तुमच्यासारखे हजार-हजार रुपये लावले, तर ९२ मुलं ड्रॅगनशिवाय घरी जातात. तुमचे पैसे ओमने उधळले नाहीत, त्याला पुठ्ठा दाखवलाच नव्हता.
>
> पुढच्या वेळी कोड नको. दिवाळीला तुम्ही इकडे आलात की दोघं मिळून दुकानात जा, त्याला काय घ्यायचं ते तुमच्यासमोर निवडू दे. आणि त्या चिठ्ठ्यांचा डबा मी ठेवला आहे. तुम्हाला काढून बघायच्या असतील तर ओम तयार आहे.
>
> तुमची,
> मीनल

कायद्याबद्दल काही लिहिलं नाही. उद्या सकाळी पोस्टात टाकते.

पूर्वीचा_गेमर

आणि पास?

मीनल_डोंबिवली

अजून ठरलं नाही. रोज खेळावं लागतं, तिथे अडलं आहे. ओमचं म्हणणं, रविवारी जास्त खेळून भरून काढता येतं. 'i' दाबून आधी दोघं वाचतो.