पॅनकेक वातड का झाले?

मृणाल (बी-२०३): सुप्रभात. आज सकाळी मुलांसाठी अंडं न घालता पॅनकेक केले. पहिले दोन बरे झाले, पुढचे भाकरीसारखे चपटे आणि शेवटचे तर रबर! मुलं म्हणाली, त्यापेक्षा सेव-उसळ आणा. कुणी सांगेल का, कुठे चुकलं?

शुभदाकाकू (ए-१०१): काय काय घातलंस आणि किती वाजता भिजवलंस, ते आधी सांग.

मृणाल (बी-२०३): १ कप मैदा, अर्धा कप दही, दूध, साखर, पाव छोटा चमचा खायचा सोडा. आठ वाजता सगळं एकत्र करून हँड मिक्सरने अगदी गुळगुळीत केलं. पीठ मुरायला हवं असं ऐकलं होतं, म्हणून झाकून ठेवलं. सगळे उशिरा उठले, साडेनऊला तवा ठेवला. तोवर पीठ घट्ट झालं होतं, म्हणून आणखी दूध घालून परत फेटलं.

शुभदाकाकू (ए-१०१): मग कळलं. तू खमण करतेस ना, त्यात सोडा कधी घालतेस?

मृणाल (बी-२०३): अगदी शेवटी. कुकरमधलं पाणी उकळलं की मगच.

शुभदाकाकू (ए-१०१): तेच इथे. दह्याचा आंबटपणा लागला की सोडा लगेच फसफसतो. तो वायू दीड तास भांड्यातच उडून गेला, तव्यावर फुलायला काही उरलंच नाही. आराम पिठाला द्यायचा, सोड्याला नाही. मैदा, दही, दूध, साखर, मीठ एवढंच कालवून १५-२० मिनिटं ठेव. तेवढ्यात मैदा पाणी शोषतो आणि गुठळ्या आपोआप मऊ पडतात. सोडा तवा तापल्यावर.

निखिल (सी-४०२): काकू, मग रबर कशामुळे? सोडा गेला तर फक्त चपटे व्हायला हवेत.

शुभदाकाकू (ए-१०१): बरोबर विचारलंस. रबर झालं ते फेटण्यामुळे. मैदा ओला करून जितका ढवळू तितकं त्यातलं ग्लुटेन चिवट होतं. पुरीची कणीक मळल्यावर ताणली जाते ना, तसंच. मृणालने दोनदा फेटलं. वाटाण्याएवढ्या गुठळ्या राहू द्यायच्या, चमच्याने १०-१२ वेळा खालून वर केलं की पुरे. मला गुळगुळीत पीठ दिसलं की काळजीच वाटते.

हेमांगी (बी-३०१): बेकिंग पावडर वापरली तर आधी घालून ठेवता येते का? डब्यावर ‘डबल ॲक्टिंग’ लिहिलंय.

शुभदाकाकू (ए-१०१): त्यातला थोडा वायू भिजवल्यावर सुटतो, उरलेला तव्याच्या उष्णतेने. त्यामुळे १०-१५ मिनिटं चालतात, दीड तास नाही. डबा जुना असेल तर आधी चिमूटभर कडकडीत पाण्यात टाकून बघ, जोरात फसफसली पाहिजे.

मृणाल (बी-२०३): काकू, अंड्याशिवायचं तुमचं प्रमाण द्या ना.

शुभदाकाकू (ए-१०१): १ कप मैदा, १ मोठा चमचा साखर, चिमूट मीठ, अर्धा कप आंबट दही, साधारण अर्धा कप दूध, २ मोठे चमचे वितळलेलं लोणी. मुरल्यावर १ छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा सोडा चहाच्या गाळणीतून वर भुरभुरवायचा आणि हलकेच मिसळायचं. सोडा याहून वाढवू नकोस, साबणासारखी चव येते. अंडं तापल्यावर घट्ट होऊन हवा धरून ठेवतं. ते नसलं की पीठ दाट हवं, चमच्यातून धबकन पडणारं. पातळ केलंस की पसरणारच. आकारही तळहाताएवढा ठेव, मोठा केलास तर उलटताना मोडतो.

निखिल (सी-४०२): तव्याचं काय? माझे बाहेरून काळे आणि आत कच्चे राहतात. उतरवले की बसतात.

शुभदाकाकू (ए-१०१): आच मोठी. मध्यमहून थोड्या कमी आचेवर तवा ३-४ मिनिटं तापव आणि पाण्याचे थेंब टाक. नुसते बसून राहिले तर तवा गार आहे. नाचून दोन-तीन सेकंदांत आटले तर योग्य. मण्यांसारखे घरंगळत राहिले तर फार तापलाय, गॅस कमी कर. गार तव्यावरही नुकसानच, भाजायला वेळ लागतो आणि पॅनकेक सुकून चामट होतो. वरचे बुडबुडे फुटून भोकं उघडी राहिली आणि कडा निस्तेज झाली की एकदाच उलट. उलथन्याने दाबू नकोस, वायू निघून जातो. मला वाटतं अर्ध्या लोकांचे पॅनकेक इथेच चपटे होतात.

हेमांगी (बी-३०१): आमच्याकडे दहा माणसं आहेत. एका तव्यावर सगळे होईपर्यंत सोडा संपेल की.

शुभदाकाकू (ए-१०१): पीठ दोन भांड्यांत कर. पहिलं संपत आलं की दुसऱ्यात सोडा-पावडर घाल. खमणाचा एकेक घाणा लावतो, तसंच.

मृणाल (बी-२०३): काकू, आत्ता अर्ध्या प्रमाणात करून बघितलं. २० मिनिटं मुरवलं, पावडर-सोडा तव्याजवळ उभं राहून घातला. चार झाले, बोटाएवढे जाड! पहिला थोडा जास्त लाल झाला, मग आच कमी केली. धाकटा तिसरा मागतोय.

शुभदाकाकू (ए-१०१): दे त्याला. आणि तो हँड मिक्सर केकच्या लोण्यासाठी ठेव.