मदत हवी आहे: रात्री लाइन जाते, चार्जरला कोणता टायमर लावावा?

ई-सायकलची बॅटरी ४८ व्होल्ट, १५ अँपिअर-अवर. चार्जर सोबत आलेलाच, ५४.६ व्होल्ट ३ अँपिअरचा. रिकामी बॅटरी भरायला हिशेबाने ५ तास, पण शेवटी करंट उतरत जातो म्हणून ६ धरतो. घरात कापूस भरलाय, त्यामुळे चार्जिंग छपरीत, उघड्या फरशीवर. चार्जरखाली पोतं नाही की वर कापड नाही.

अडचण टायमरची. चकतीवाला लाइन गेली की थांबतो. २ तास गेली, तर रात्री ११ ते ५ चं काम सकाळी ७ ला संपतं, अन् चकती हाताने जुळवेपर्यंत रोज २ तास मागेच. आत सेल असलेला डिजिटल वेळ धरतो, पण ५ ला तोडतो. बॅटरीला ४ च तास मिळतात. चार्जर भरल्यावर स्वतः थांबतो, टायमर ही फक्त दुसरी राखण. मग लाइन आल्यावर उरलेले तासच मोजून कायमचा बंद होणारा टायमर कोणी लावलाय का?