मदत हवी आहे: काळा आजार उलटलाय का, हे कसं ठरवायचं?

पुण्यात बांधकामावर काम करणारा, ३४ वर्षांचा, मूळचा बिहारमधल्या सारण जिल्ह्यातला रुग्ण आहे. दोन महिने ताप, प्लीहा बेंबीपर्यंत आलेली. हिमोग्लोबिन ७.२, पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट ३६,०००.

मलेरिया, एचआयव्ही दोन्ही निगेटिव्ह. सोनोग्राफीत पोर्टल व्हेन ठीक, एंडोस्कोपीत व्हेरिसेस नाहीत. आरके३९ पॉझिटिव्ह आहे, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही: तीन वर्षांपूर्वी गावाकडे काळा आजार झाला होता, लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस मिळाला होता. त्या अँटिबॉडी बरं झाल्यावरही कित्येक वर्षं रक्तात राहतात.

बोन मॅरो केली. पेशी भरपूर, ल्युकेमिया नाही, पण एलडी बॉडीज दिसल्या नाहीत. मॅरोत त्या हुकतात, हे मान्य. प्लीहेतून नमुना घेतला तर सापडण्याची शक्यता जास्त, पण प्लेटलेट ४०,०००च्या खाली असताना सुई घालायची नाही असा नियम आहे, आणि तो मोडायची माझी तयारी नाही.

पीसीआर इथे होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागेल. रुग्ण सध्या स्थिर आहे, रक्तस्राव नाही.

अशा वेळी तुम्ही मॅरो पुन्हा काढून पीसीआरला पाठवाल, की प्लेटलेट चढवून प्लीहेतून नमुना घ्याल? पीसीआरला साधं रक्त पुरेल का?