‘बूड पाण्यात बुडवून घासू नका’ : यातला नकार नेमका कशाला?

सावली

पाणी तापवण्याच्या विजेच्या किटलीसोबत द्यायचं सूचनापत्रक तपासते आहे. मसुदा दुसऱ्या कुणीतरी केलेला आहे. ही चार वाक्यं मला खटकली, पण का खटकतात ते नीट मांडता येत नाही.

(अ) किटलीचे बूड पाण्यात बुडवून घासू नका.
(आ) दिवा विझला नाही तर झाकण उघडणार नाही.
(इ) पाणी गरम नाही झाल्यास बटण पुन्हा पुन्हा दाबू नये.
(ई) लहान मुलांनी किटली हाताळू नका.

दौत

मला तरी एकच उपाय दिसतो. सगळीकडे ‘नये’ करा. ‘नका’ हे बोलण्यातलं, घरगुती. छापील सूचनेत ‘नये’च शोभतं. शिवाय ‘नये’ कुठेही बदलत नाही, त्यामुळे चूक व्हायची भीती नाही.

मुद्रितवाचक

दौत, सुराबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ‘नये’मध्ये नियमाचा सूर आहे. पण ते बदलत नाही हे बरोबर नाही. ‘तार ओढू नये’, पण ‘तारा ओढू नयेत’. ‘फूल तोडू नये’, ‘फुले तोडू नयेत’. ‘वाहने उभी करू नये’ अशा पाट्या सर्रास दिसतात, तिथे ‘नयेत’ हवं.

आणि नका-नये हा फरक फक्त सुराचा नाही. ‘नका’ समोरच्याला उद्देशून आहे, करणारे ‘तुम्ही’. वाक्यात करणारा तिसराच कुणी आला की ‘नका’ टिकत नाही. (ई) तिथेच फसलं आहे. ‘लहान मुलांनी’ म्हटल्यावर ‘हाताळू नये’च यायला हवं. ‘नका’ ठेवायचं असेल तर बोलणं पालकांशी व्हायला हवं : ‘किटली लहान मुलांच्या हाती देऊ नका.’ मला हे दुसरं जास्त पटतं, कारण पत्रक मुलं वाचणार नाहीत.

पानगळ

‘करु नका’ की ‘करू नका’, हाच प्रश्न आहे ना? शेवटचा उकार दीर्घ, म्हणून ‘करू’.

आता माझंही एक विचारते. आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात ‘सभासदांनी वर्गणी भरली नाहीत’ असं लिहिलंय. सचिव म्हणतात सभासद अनेक आहेत, म्हणून ‘नाहीत’.

मुद्रितवाचक

प्रश्न तो नव्हता, पण ‘करू’ बरोबर आहे.

इतिवृत्तात ‘भरली नाही’ हवं. ‘सभासदांनी’ला ‘नी’ लागला की क्रियापद त्यांच्यामागे जात नाही, ते वर्गणीमागे जातं, आणि ‘नाही’ही त्याच्यासोबतच जातं. ‘सभासदांनी वर्गणी भरली नाही’, पण ‘एका सभासदाने पावत्या दिल्या नाहीत’. उलट ‘सभासद आले नाहीत’ यात ‘नी’ नाही, म्हणून तिथे सभासदच ठरवतात. भूतकाळात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नकार काढून वाक्य होकारी करून बघा. ‘वर्गणी भरली’ एकवचनी आहे, मग नकारही एकवचनी.

पानगळ

मग ‘तुम्ही आला नाहीत’ चूक का? आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.

मुद्रितवाचक

चूक नाही. ‘तुम्ही आला नाही’ असंही लिहितात, पण ‘नाहीत’ पक्कं रुजलेलं आहे. मी छापताना ‘नाही’ ठेवतो. दुसऱ्याने ‘नाहीत’ लिहिलं तर त्यावर लाल रेघ मारत नाही.

सावली

(आ) मला सगळ्यात विचित्र वाटतं. झाकण उघडणार नाही म्हणजे ते अडकून राहील, की मी उघडायचं नाही?

मुद्रितवाचक

दोन्ही अर्थ निघतात, कारण ‘उघडणे’ दोन्हीकडे चालतं. दार उघडतं, आणि मी दार उघडतो. त्यातून ‘उघडणार’चं रूप करणाऱ्याप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे तेही काही सांगत नाही. भविष्यकाळात ‘उघडेल’ला नकार द्यायचा तर ‘उघडणार नाही’ हेच रूप नेहमीचं. मग वाचणाऱ्याला वाटतं, किटलीला कुलूप आहे, दिवा विझेपर्यंत झाकण हलणारच नाही. तो निर्धास्त हात लावतो, झाकण सहज उघडतं आणि वाफ तोंडावर येते.

‘करणार नाही’ने एक तर पुढे काय घडणार नाही ते कळतं, किंवा बोलणाऱ्याचा नकार कळतो. ‘उशीर झाल्यास प्रवेश मिळणार नाही’ हे ठीक, कारण तो परिणाम आहे. वाचणाऱ्याने काही करायचं नसेल तर ‘नका’ किंवा ‘नये’ हवं. ‘दिवा विझेपर्यंत झाकण उघडू नका.’

दौत

(इ) मध्ये तर ‘नये’ आहे. ते तरी बरोबर?

मुद्रितवाचक

शेवट बरोबर, सुरुवात नाही. ‘झाल्यास’ला ‘नाही’ जोडत नाहीत, ‘न’ जोडतात : ‘गरम न झाल्यास’. ‘नाही’ हवंच असेल तर ‘गरम झाले नाही तर’. ‘नाही केल्यास’, ‘नाही भरल्यास’ हे आजकाल अर्जांवर फार दिसतं. मात्र इथे मी ‘पाणी तापत नसेल तर’ लिहीन. माणूस किटलीपुढे उभा राहून वाचतो, तेव्हा बिघाड चालू असतो.

कोपरा

मी यंत्रांची दुरुस्ती करतो. (अ) बद्दल कुणी बोललंच नाही, आणि धोका तिथेच आहे. आतली जोडणी भिजलेल्या किटल्या माझ्याकडे येतात. विचारलं की लोक म्हणतात, घासलं नव्हतं, नुसती बुडवून ठेवली होती.

मुद्रितवाचक

हेच. ‘नका’ चिकटलं आहे शेवटच्या क्रियापदाला, ‘घासू’ला. जे टाळायचं ते ‘बुडवून’मध्ये अडकलेलं. ‘गोळी चावून खाऊ नका’ वाचताना आपण अडखळत नाही, कारण गोळी घ्यायची आहे हे आधीच माहीत असतं, म्हणून नकार आपोआप ‘चावून’वर जातो. किटलीच्या वाक्यात तशी आधीची खात्री नाही. बुडवायचं नाही, की घासायचं नाही, की बुडवलं तर मग घासायचं नाही? तिन्ही वाचनं शक्य आहेत.

अशा वाक्यापुढे ‘मग काय करू?’ असं विचारून बघावं. गोळीचं उत्तर लगेच मिळतं : न चावता गिळा. किटलीचं मिळत नाही. म्हणून दोन वाक्यं करा आणि नकार धोक्याच्या क्रियापदालाच लावा. ‘किटलीचे बूड पाण्यात बुडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.’

सावली

मग पुढच्या पानावर ‘प्लग काढल्याशिवाय किटली पुसू नका’ आहे, त्याचं काय? त्यात ‘शिवाय’ आणि ‘नका’ असे दोन नकार झाले.

मुद्रितवाचक

अर्थ चुकत नाही, तरी मी ‘आधी प्लग काढा, मग किटली पुसा’ करीन. घाईत वाचताना ‘शिवाय’ नजरेतून निसटतं.

कोपरा

मला नाही पटत. ‘काढा, मग पुसा’ हे नेहमीच्या पायऱ्यांसारखं वाचलं जातं, लोक पायऱ्या गाळतात. ‘नका’ दिसलं की थांबतात. मी तरी ‘शिवाय… नका’ ठेवीन आणि ‘शिवाय’ ठळक छापीन.

सावली

दोन्ही घेता येतील का? सूचनांच्या यादीत पायऱ्या, आणि किटलीच्या बुडाशी लावायच्या चिठ्ठीवर ‘नका’. चिठ्ठीवर जागा एका ओळीची आहे, म्हणून तिथे नकार एकच ठेवते : ‘बूड पाण्यात बुडवू नका.’

दौत

चिठ्ठीवर तरी ‘बुडवू नये’!